तात्यांचे अँटिबायोटिक बंद केल्याबाबत

इस्लामपूर, 14 नोव्हेंबर 2024

प्रति,
श्री. महेशराव आणि कुटुंबीय

स. न.

काल फोनवर तुम्ही विचारलंत की, ताप उतरत होता, पायाची ठणक कमी होत होती, मग चांगलं लागू पडलेलं इंजेक्शन मध्येच का थांबवलं? वहिनींनीही वॉर्डात हेच विचारलं. राऊंडच्या घाईत नीट बोलणं होत नाही आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी, म्हणून सविस्तर लिहितो.

बाभळीचा काटा लागून तात्यांच्या पायात जंतुसंसर्ग पसरला होता. त्यात मधुमेह. म्हणून सोमवारी रात्रीपासून शिरेतून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड सुरू केलं. ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध आहे. मंगळवारी दुपारी दोन वाजता तिसरा डोस सुरू होताच पाच मिनिटांत त्यांच्या छाती-पोटावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, घशात आवळल्यासारखं होऊन छातीत घरघर सुरू झाली आणि रक्तदाब 80 वर 50 पर्यंत उतरला. औषधाच्या ॲलर्जीचा हा सर्वांत गंभीर प्रकार, ॲनाफिलॅक्सिस. सिस्टरांनी त्याच क्षणी औषध बंद केलं. मांडीत ॲड्रेनॅलिन दिलं, ऑक्सिजन आणि सलाईन लावलं. पंधरा-वीस मिनिटांत रक्तदाब सावरला. असा त्रास काही तासांनी पुन्हा उफाळू शकतो, म्हणून बुधवार दुपारपर्यंत त्यांना आयसीयूत ठेवलं होतं.

टेस्ट डोस दिला होता, पहिले दोन डोसही सुखरूप गेले, मग हे कसं, असं तुम्हाला वाटणं स्वाभाविक आहे. हातावरच्या त्या छोट्या टोचणीला काही झालं नाही म्हणजे ॲलर्जी नाहीच, अशी खात्री देता येत नाही. आधीचे डोस सोसले म्हणून पुढचाही सोसेल, असंही नसतं. भरतीच्या वेळी विचारलं तेव्हा कुणाला काही आठवलं नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी वहिनींना आठवलं की गेल्या वर्षी दाढ काढल्यावर तात्यांना अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल होत्या आणि तेव्हा अंगावर पित्त उठलं होतं. उन्हाने झालं असेल म्हणून कुणी फार लक्ष दिलं नाही. मला वाटतं, शरीराची या औषधाशी ओळख तेव्हाच झालेली असावी.

तुमचा दुसरा प्रश्न: आधी ॲलर्जीचं इंजेक्शन देऊन किंवा डोस कमी करून तेच चालू ठेवता आलं नसतं का? नाही. ॲलर्जीच्या इंजेक्शनने खाज आणि गांध्या दबतात. घशाची सूज आणि रक्तदाबाची घसरण त्याने थांबत नाही. डोस अर्धा केला तरी धोका अर्धा होत नाही. पुढचा झटका याहून मोठा असू शकला असता. दुसरा चांगला पर्याय हाताशी असताना ही जोखीम मी माझ्या वडिलांच्या बाबतीतही घेतली नसती.

तो पर्याय म्हणजे क्लिंडामायसिन. हे वेगळ्या घराण्यातलं आहे आणि पायाच्या अशा संसर्गावर चांगलं काम करतं. सोमवारी लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली होती. आज लाली त्या रेघेच्या दोन बोटं आत आली आहे. म्हणजे उपचार खंडित झालेले नाहीत. या औषधाने कुणाकुणाला जुलाब होतात. पातळ शौचाला वारंवार जावं लागलं तर घरगुती उपाय न करता लगेच सिस्टरांना सांगा, आणि घरी गेल्यावर झालं तर मला. साखर 310 पर्यंत गेल्याने तुम्ही घाबरलात. त्यात मंगळवारी दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा मोठा वाटा आहे. एक-दोन दिवसांत ती उतरेल. तोवर इन्सुलिन वाढवलं आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. तात्यांना यापुढे पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांपैकी काहीही द्यायचं नाही. मेडिकलमध्ये अमॉक्सिसिलिन मॉक्स, नोव्हामॉक्स, ऑगमेंटिन, क्लॅव्हम अशा अनेक नावांनी मिळतं, त्यामुळे पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा. सेफॅलेक्सिन आणि सेफॅड्रॉक्सिल यांची रचना मिळतीजुळती असल्याने तीही टाळा. सर्दी-खोकल्याला चिठ्ठीशिवाय दुकानातून गोळ्या आणण्याची तात्यांची सवय मात्र आता पूर्ण बंद व्हायला हवी. याबाबत तुम्ही कडक राहा, त्यांना राग आला तरी चालेल.

नातवंडांची काळजी करू नका. आजोबांना ॲलर्जी आहे एवढ्यावरून मुलांना पेनिसिलिन टाळायची गरज नाही.

केसपेपरवर लाल शाईत नोंद केली आहे. सोबत एक कार्ड देतो आहे, ते तात्यांच्या पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या. दाताच्या डॉक्टरांनाही ते दाखवायचं. दीड-दोन महिन्यांनी ॲलर्जीतज्ज्ञांकडून तपासणी करून घेऊ, त्यासाठीची चिठ्ठी डिस्चार्जच्या वेळी देईन.

शनिवारी सकाळी अकराला मी वॉर्डात आहे. तुम्ही पुण्याहून येणार असाल तर तेव्हाच भेटू. येताना गेल्या वर्षीचा दातांच्या दवाखान्याचा कागद सापडला तर घेऊन या.

आपला,
डॉ. देशपांडे
मेडिसिन विभाग