अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक: मध्ये दोन तास कशाला?

प्रश्न

माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. दाढेखाली पू झाला म्हणून कर्वे रस्त्यावरच्या डेंटिस्टांनी त्यांना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडची ६२५ ची गोळी पाच दिवसांसाठी दिली आहे. सोबत प्रोबायोटिक कॅप्सूल. चिठ्ठीत दोन्हींपुढे १-०-१ एवढंच लिहिलंय. मेडिकलवाले काका म्हणाले, "एकदम देऊ नका, दोन तास सोडा." का ते विचारणार, तोवर मागे रांग लागली होती.

घरी यावरून वाद सुरू आहे. सासरे म्हणतात, "पोटात गेल्यावर सगळं एकच." माझे मिस्टर इंजिनिअर, त्यांचं म्हणणं असं, की अँटिबायोटिक रक्तातून दिवसभर फिरतच असतं, मग दोन तासांनी काय साधणार? आणि काल रात्री आमच्याकडे पाहुणे होते, त्या गडबडीत मी दोन्ही एकदम दिल्या. काही बिघडलं का? शिवाय सासरे कॅप्सूलऐवजी ताकच मागतात. ताकावर भागेल का?

एक वाचक, कोथरूड

उत्तर

आधी काल रात्रीचं. काहीही बिघडलेलं नाही. दोन्ही एकत्र गेल्या म्हणून विषबाधा होत नाही, अँटिबायोटिकची ताकदही कमी होत नाही. फार तर ती एक कॅप्सूल फुकट गेली. भरपाई म्हणून काही जास्तीचं देऊ नका, अँटिबायोटिक तर मुळीच नाही.

आता तुमच्या मिस्टरांच्या मुद्द्याकडे वळतो, कारण तो बिनतोड वाटतो आणि काउंटरवर उभं राहून त्याचं उत्तर देता येत नाही. प्रोबायोटिक कॅप्सूलमध्ये जिवंत जिवाणू असतात, बहुतेक वेळा लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम गटातले. अमॉक्सिसिलिन जिवाणूंना त्यांची पेशीभित्तिका बांधू देत नाही. दाढेतला जिवाणू शत्रू आणि कॅप्सूलमधला पाहुणा, हा भेद त्याला कळत नाही. लॅक्टोबॅसिलस साधारणपणे पेनिसिलिन गटापुढे टिकत नाहीत. इथवर सगळे मान्य करतात. वाद आहे तो वेळेचा.

थोडं गणित करू. ६२५ च्या गोळीत अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम असतं, उरलेले १२५ क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचे. ही गोळी २०० मिलिलिटर पाण्याबरोबर घेतली आणि विरघळली, तर पोटात दर मिलिलिटरला सुमारे अडीच मिलिग्रॅम औषध होतं. तेच औषध रक्तात उतरल्यावर त्याची सर्वांत वरची पातळी मिलिलिटरला एक शतांश मिलिग्रॅमच्याही आत राहते. म्हणजे गोळी नुकतीच विरघळत असताना जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला औषधाचा जो मारा असतो, तो रक्तातल्या पातळीच्या शेकडो पट असतो. खरं पोट म्हणजे मोजपात्र नव्हे, जेवण असतं, पाचकरस असतात, त्यामुळे आकडे मागेपुढे होतील, पण प्रमाण तेच राहतं. नेमक्या त्या वेळी, त्याच जागी कॅप्सूल फुटली तर आतल्या जिवाणूंचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको. रक्तातून फिरणारं औषध आणि आतड्यात नुकतं ओतलेलं औषध ही एकच परिस्थिती नाही, आणि मिस्टरांच्या हिशेबात सुटलंय ते हेच.

पुढे काय होतं तेही पाहू. अमॉक्सिसिलिन लहान आतड्यात भराभर शोषलं जातं. तासा-दोन तासांत रक्तातली पातळी शिखरावर जाते आणि तिथून साधारण दर तासाला निम्मी होत उतरते. घेतलेल्या मात्रेतला निम्म्याहून अधिक भाग सहा ते आठ तासांत लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. यावरून दोन गोष्टी निघतात. दोन तासांनी पोटातला मुख्य लोंढा पुढे गेलेला असतो, म्हणून दोन तास. आणि दोन तास ही खालची मर्यादा आहे, जमलं तर चार तास जास्त बरे. बारा तासांच्या दोन डोसांमध्ये तेवढी जागा सहज मिळते. थोडंसं न शोषलेलं औषध मोठ्या आतड्यापर्यंत जातंच, तिथे काही जिवाणू मरणारच. अंतर ठेवून भेट पूर्ण टळत नाही, तडाखा चुकतो.

तुमच्या घरच्या घड्याळात हे असं बसेल: सकाळी आठला पोहे किंवा उपमा घेताना पहिल्या घासाबरोबर अँटिबायोटिक (ही गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली की मळमळ कमी होते), दुपारी साडेबाराला जेवणाबरोबर प्रोबायोटिक, रात्री आठला जेवताना अँटिबायोटिकचा दुसरा डोस, झोपताना साडेदहाला दुसरी कॅप्सूल. आजोबा साडेनऊलाच डोळे मिटत असतील तर दुसरी कॅप्सूल संध्याकाळी पाचला द्या, म्हणजे पुढच्या गोळीपर्यंतही तीन तास मिळतात. अंतर दोन्ही बाजूंनी राखायचं असतं, ही गोष्ट बऱ्याचदा सांगायची राहून जाते. कॅप्सूल घेतल्यावर अर्ध्या तासात अँटिबायोटिक घेतलं तर परत तेच. पण वेळ हलवायची झाली तर प्रोबायोटिकची हलवा. अँटिबायोटिक आपल्या ठरल्या वेळीच. कॅप्सूल गरम चहाबरोबर देऊ नका, चहाची उष्णता या जिवाणूंना सोसत नाही. पाकिटावर फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं असेल तर तसंच ठेवा. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या स्वयंपाकघरात, गॅसशेजारच्या मांडणीवर ठेवलेल्या स्ट्रिपमध्ये किती जिवाणू जिवंत राहत असतील याची मला शंकाच आहे.

इथवरचं सगळं एका गृहीतावर उभं आहे: कॅप्सूलमध्ये लॅक्टोबॅसिलस किंवा बायफिडोबॅक्टेरियम आहे. म्हणून स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे 'सॅकरोमायसिस बोलार्डी' लिहिलं असेल तर अंतराची गरज नाही, कारण ती यीस्ट आहे. बुरशीच्या कुळातली, जिवाणू नव्हेच, त्यामुळे जिवाणूनाशक औषध तिला शिवत नाही. १९२०च्या दशकात हेन्री बुलार्ड नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला इंडोचायनात ती सापडली. कॉलऱ्याच्या दिवसांत तिथले लोक लीची आणि मँगोस्टीनच्या सालींचा उपयोग करत, त्यातून त्याने ती वेगळी केली. मात्र तोंडात पांढरे चट्टे पडले म्हणून, किंवा कवळीखाली बुरशी झाली म्हणून, फ्लुकोनाझोलसारखं बुरशीविरोधी औषध सुरू असेल तर गणित उलटतं. ते या यीस्टला मारतं.

'बॅसिलस क्लॉसी' किंवा 'बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स' असेल तर ते बीजाणूंच्या रूपात असतात. कडक कवचातले, झोपलेले, जठरातल्या आम्लालाही पुरून उरणारे. क्लॉसीचे औषधात वापरले जाणारे वाण तर काही अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत म्हणूनच निवडलेले आहेत. छोट्या प्लास्टिकच्या कुपीत पाण्यासारखं मिळतं ते हेच. तरीही दोन डोसांच्या मधल्या वेळी घ्यावं असं सांगतात, आणि ते पाळायला हरकत नाही, कारण बीजाणू उगवून जागा झाला की कवच जातं.

जाता जाता एक तक्रार. आपल्याकडे अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सॅसिलिन आणि 'लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस' एकाच कॅप्सूलमध्ये भरून विकतात. रुग्णाला मी दोन तास सोडायला सांगायचं आणि कंपनीने दोन मिलिमीटरही सोडायचे नाहीत! बीजाणू असल्याने ते तग धरतात, हा त्यामागचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. अँटिबायोटिक पाच दिवस घ्यायचं असतं आणि प्रोबायोटिक त्यानंतरही आठवडाभर घेतात, मग दोन्ही एका कवचात बांधून काय मिळवलं?

अँटिबायोटिक बदललं की हिशेबही थोडा बदलतो. डेंटिस्ट अनेकदा मेट्रोनिडाझोलही देतात. त्याला लॅक्टोबॅसिलस बहुधा दाद देत नाहीत. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींमध्ये दिवसेंदिवस राहतं, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, ६८ तासांच्या आसपास आहे. तिथे मिस्टरांचा मुद्दा बराचसा खरा ठरतो. दोन तासांनी पहिला मारा चुकतो, औषध जात नाही. त्या बाबतीत कोर्स संपल्यावरही कॅप्सूल काही दिवस चालू ठेवण्याला जास्त अर्थ आहे.

बरं, ही कॅप्सूल लागतेच का? पुरावा संमिश्र आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या लहान मुलांबाबतच्या २०१९च्या आढाव्यात अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब प्रोबायोटिक घेणाऱ्यांत ८ टक्क्यांना, न घेणाऱ्यांत १९ टक्क्यांना झाले. फरक लहान नाही. पण ब्रिटनमधल्या इस्पितळांत दाखल असलेल्या ६५ वर्षांवरच्या जवळपास ३,००० रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या चाचणीत काही फायदा दिसला नाही. २०१८च्या एका इस्रायली अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू पूर्ववत व्हायला उलट जास्त वेळ लागला. माझं मत असं: ज्यांना आधी अँटिबायोटिकने जुलाब झालेत, किंवा क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड असलेली गोळी घ्यायची आहे (तिने पोट बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं), त्यांनी घ्यावी. सासऱ्यांचा पाच दिवसांचा कोर्स आहे आणि पोट शांत आहे, तर कॅप्सूल चुकली म्हणून जीव टांगणीला लावू नका. केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, गळ्यात-छातीत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंच प्रोबायोटिक नको. यीस्टचं तर नकोच, ती रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत.

ताकाचं विचारलंत. द्या की, दुपारी जेवणाबरोबर, जिरेपूड घालून. अमॉक्सिसिलिनला ताक-दह्याची अडचण नाही. फक्त त्याला औषधाच्या जागी धरू नका, कारण घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती आहेत, ते आतड्यापर्यंत जिवंत पोचतात का, याचं मोजमाप नसतं. आणि उद्या डेंटिस्टांनी गोळी बदलून सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सीसायक्लीन दिली तर ताक, दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या या सगळ्यांपासून तिला लांब ठेवावं लागेल. ते अंतर वेगळ्या कारणासाठी. तिथे दुधातलं कॅल्शियम औषधालाच धरून ठेवतं आणि दाढेपर्यंत पुरेसं पोचू देत नाही. प्रोबायोटिकच्या बाबतीत नुकसान कॅप्सूलचं होतं, तिथे होतं ते उपचाराचं.

दिवसात तीनपेक्षा जास्त पातळ जुलाब, शौचात रक्त, ताप किंवा पोटात मुरडा, यातलं काही दिसलं तर कॅप्सूल वाढवत बसू नका. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही असं झालं तरी डॉक्टरांना अँटिबायोटिकचं नाव आठवणीने सांगा. आणि जुलाब थांबवायची गोळी घरच्या डब्यातून काढून परस्पर देऊ नका. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जिवाणूचा संसर्ग असेल तर ती धोक्याची ठरते.