खातेउताऱ्याची सुस्पष्ट दुय्यम प्रत मिळण्याबाबत

दि. 14 जुलै 2025

प्रति,
मा. शाखाधिकारी,
मार्केट यार्ड शाखा, सांगली

विषय : 1 एप्रिल 2024 ते 15 एप्रिल 2025 या काळाच्या खातेउताऱ्याची दुय्यम प्रत मिळणेबाबत (चालू खाते, शेवटचे अंक 4172)

महोदय,

तासगावातील माझ्या खते-बियाण्यांच्या दुकानाचे चालू खाते आपल्या शाखेत आहे. वरील काळाचा 11 पानी उतारा मी जूनमध्ये शाखेतून घेतला होता. पुतण्याने मोबाईलवर पानांचे फोटो काढून सीएंकडे पाठवले आणि मूळ कागद सांगलीहून परतताना गाडीच्या डिकीत भिजून लगदा झाले. यात बँकेची काहीच चूक नाही.

आता हाती फक्त फोटो उरले आहेत आणि तेही अपुरे. मोबाईलमधले ॲप कागदाची कड आपोआप ओळखते म्हणे. त्याने ती छापील रकान्यांच्या आतच धरली. पान 3 ते 9 वर डावीकडे तारखेतले केवळ ‘/2025’ किंवा ‘/2024’ दिसते, दिवस-महिना गेला आहे. उजवीकडचा ‘शिल्लक’ रकाना पूर्ण कापला गेला असून पान 5 व 6 वर ‘जमा’ रकान्यातले शेवटचे आकडेही गेले आहेत. एका नोंदीत ‘2,36,’ एवढेच वाचता येते. शिल्लक दिसत असती तर वरच्या ओळीतून वजाबाकी करून रक्कम काढली असती. तीही सोय राहिली नाही.

सर्वांत मोठी अडचण पान 9 ची. गुढीपाडव्याच्या (30 मार्च) आगेमागे भरलेले व्यापाऱ्यांचे दोन चेक त्याच पानावर आहेत. ते मार्चअखेर जमा झाले की एप्रिलमध्ये, हे तारखेशिवाय ठरत नाही आणि सीए अंदाजाने नोंद करायला तयार नाहीत. विवरणपत्राची मुदत 15 सप्टेंबरपर्यंत वाढली असली तरी हिशेब त्याआधी जुळवायचा आहे.

तरी संपूर्ण 11 पाने पुन्हा मिळावीत. फक्त 3 ते 9 दिली तर मागच्या पानाची अखेरची शिल्लक पुढच्या पानाशी ताडता येणार नाही. शक्य असल्यास छपाई आडव्या पानावर, दोन्ही बाजूंना बोटभर समास सोडून व्हावी, पानांना क्रमांक असावेत आणि प्रत्येक पानावर शिक्का व सही असावी. शिक्का आकड्यांवर पडणार नाही एवढे पाहावे, ही विनंती. सोबत खात्याला जोडलेल्या ईमेलवर पीडीएफही पाठवल्यास फोटो काढायची वेळच येणार नाही.

दुय्यम प्रतीचे जे शुल्क असेल ते याच खात्यातून वळते करून घ्यावे. कागद मी स्वतः येऊन नेईन. तयार झाल्यावर खात्याला जोडलेल्या मोबाईलवर कळवावे.

आपला विश्वासू,
सुनील पाटील
तासगाव, जि. सांगली

सोबत : पान 5, 6 व 9 च्या फोटोंच्या छापील प्रती, पॅनकार्डाची झेरॉक्स