प्रश्न ५. ॲड्रिनल मेड्युलातील कॅटेकोलामाइनची निर्मिती सांगून ॲड्रेनालिन व नॉरॲड्रेनालिन यांचे रिसेप्टरवरील परिणाम लिहा. (१० गुण)

उत्तर :

ॲड्रिनल मेड्युला ही खरे तर सिंपथेटिक गँग्लियनच आहे, फक्त तिच्या पेशींना ॲक्सॉन नाहीत. न्यूरल क्रेस्टपासून बनलेल्या या क्रोमॅफिन पेशी आपला माल थेट रक्तात सोडतात. डायक्रोमेट लावल्यावर आतल्या कॅटेकोलामाइनचे ऑक्सिडीकरण होऊन पेशी तपकिरी दिसतात, म्हणून हे नाव. माणसात स्रावाचा सुमारे ८० टक्के भाग ॲड्रेनालिनचा असतो, उरलेला बहुतेक नॉरॲड्रेनालिनचा.

निर्मितीचा मार्ग :

टायरोसिन → डोपा → डोपामिन → नॉरॲड्रेनालिन → ॲड्रेनालिन

टायरोसिन आहारातून मिळते किंवा यकृतात फेनिलॲलनिनपासून बनते. पहिली पायरी टायरोसिन हायड्रॉक्सिलेजची. त्याला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन लागते. संपूर्ण मार्गाचा वेग हेच एन्झाइम ठरवते आणि तयार झालेली कॅटेकोलामाइन त्यालाच रोखतात. डोपातील कार्बॉक्सिल गट डोपा डिकार्बॉक्सिलेज काढून टाकते. याचा सहघटक पायरिडॉक्सल फॉस्फेट, म्हणजे जीवनसत्त्व बी-६.

इथपर्यंत सगळे सायटोप्लाझममध्ये घडते. पुढच्या पायऱ्यांत मात्र जागा बदलत राहते आणि उत्तरात नेमकी हीच गोष्ट निसटते. डोपामिन आधी कणिकेत ओढले जाते, कारण डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज कणिकेतच असते. तांबे व जीवनसत्त्व सी यांच्या मदतीने ते नॉरॲड्रेनालिन बनवते. पुढचे एन्झाइम पीएनएमटी पुन्हा बाहेर, सायटोप्लाझममध्ये. म्हणून नॉरॲड्रेनालिन कणिकेतून बाहेर येते, एस-ॲडेनोसिल मेथिओनिनकडून मिथिल गट घेऊन ॲड्रेनालिन होते आणि साठवणीसाठी परत कणिकेत जाते. तिथे एटीपी व क्रोमोग्रॅनिन त्याच्या सोबतीला असतात.

पीएनएमटी टिकून राहण्यासाठी कॉर्टिसॉल भरपूर लागते. कॉर्टेक्समधून झिरपलेले रक्त मेड्युलातून जाते, त्यामुळे या पेशींना कॉर्टिसॉलची मात्रा इतर अवयवांपेक्षा कितीतरी जास्त मिळते. मेड्युला कॉर्टेक्सच्या पोटात का आहे, याचे समाधानकारक उत्तर मला यातच दिसते. सिंपथेटिक मज्जातंतूंच्या टोकाशी पीएनएमटी नसल्याने तिथे काम नॉरॲड्रेनालिनवरच थांबते.

स्रवण : स्प्लँक्निक मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन येते, निकोटिनिक रिसेप्टर उघडतात, पेशीचे विध्रुवण होऊन कॅल्शियम आत शिरते आणि कणिका एक्सोसायटोसिसने रिकाम्या होतात. रक्तातील अर्धायुष्य जेमतेम २ मिनिटांचे. सीओएमटी व एमएओ यांच्या क्रियेतून शेवटी व्हीएमए बनून ते लघवीत जाते.

रिसेप्टर : सर्व जी-प्रोटीनशी जोडलेले. अल्फा-१ जीक्यूमार्फत आयपी-३ व कॅल्शियम वाढवतो. अल्फा-२ जीआयमार्फत सायक्लिक एएमपी घटवतो. बीटाचे तिन्ही प्रकार जीएसमार्फत ते वाढवतात.

अल्फा-१ मुळे त्वचेच्या व आंत्राच्या रक्तवाहिन्या आकसतात, बाहुली विस्तारते. अल्फा-२ इन्शुलिनचा स्राव कमी करतो. बीटा-१ मुळे हृदयाची गती व आकुंचनाचा जोर वाढतो, मूत्रपिंडातून रेनिन सुटते. बीटा-२ श्वासनलिका, गर्भाशय व कंकाल स्नायूंच्या रक्तवाहिन्या शिथिल करतो, ग्लायकोजेन फोडतो आणि पोटॅशियम पेशीत ढकलतो. बीटा-३ मेदाचे विघटन करतो.

दोघांतला फरक बीटा-२ पाशी आहे. नॉरॲड्रेनालिन अल्फा व बीटा-१ वर जोरदार, बीटा-२ वर अगदी दुबळे. ॲड्रेनालिन सर्वांवर चालते. शिरेतून सावकाश दिल्यास हे स्पष्ट दिसते. नॉरॲड्रेनालिनने वाहिन्या सर्वत्र आकसतात, सिस्टोलिक आणि डायस्टोलिक दोन्ही दाब चढतात आणि बॅरोरिसेप्टरच्या प्रतिक्षेपाने नाडी उलट मंदावते. बीटा-१ उत्तेजित असूनही नाडी मंद, हे ऐकायला विसंगत वाटते, पण व्हेगसचा जोर इथे भारी पडतो. कमी मात्रेतील ॲड्रेनालिनने सिस्टोलिक चढतो, स्नायूंतील वाहिन्या उघडल्याने डायस्टोलिक थोडा उतरतो, नाडीदाब रुंदावतो आणि नाडी वेगवान होते. मात्रा वाढवली की अल्फा परिणाम वरचढ ठरतो.

उपयोजन : अल्फा रिसेप्टर आधी अडवून ॲड्रेनालिन दिले, तर रक्तदाब चढण्याऐवजी उतरतो, कारण बीटा-२ ला आवर घालणारे कोणी उरत नाही. फिओक्रोमोसायटोमात उलट धोका असतो. बीटा रिसेप्टर आधी अडवले, तर अल्फाचे आकुंचन मोकाट सुटून दाब भयंकर वाढू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आधी अल्फा अवरोधक व नंतरच बीटा अवरोधक देतात.