डीड ऑफ अ‍ॅडहिरन्स : भागधारक करारात सामील होण्याचा लेख

हा लेख आज दि. ४ मार्च २०२५ रोजी फोंडा, गोवा येथे केला.

लिहून देणार : श्री. मंगेश वसंत शिरोडकर, वय ४१, रा. केरी, ता. फोंडा, कंपनीचे उत्पादनप्रमुख (पुढे 'नवे भागधारक').

लिहून घेणार : १) श्री. रामनाथ पुंडलिक वेरेंकर, ५,५०० भाग, २) सौ. सुमित्रा रामनाथ वेरेंकर, २,५०० भाग, ३) श्री. अवधूत गजानन तिळवे, २,००० भाग (तिघे मिळून 'जुने भागधारक'), आणि ४) रातांबा रस उद्योग प्रायव्हेट लिमिटेड, कुंडई औद्योगिक वसाहत, ता. फोंडा ('कंपनी').

संमती देणार : सौ. अनुजा मंगेश शिरोडकर, नव्या भागधारकांच्या पत्नी.

पार्श्वभूमी

जुने भागधारक व कंपनी यांच्यात दि. १२ जून २०२१ रोजी भागधारक करार झाला ('मूळ करार'). त्याच्या कलम १४ प्रमाणे, त्यात सामील झाल्याशिवाय कोणाचेही नाव भागधारकांच्या नोंदवहीत चढवता येत नाही. श्री. शिरोडकर आठ हंगाम कारखाना सांभाळत आहेत आणि आता स्वतःच्या बचतीतून भागीदार होत आहेत. दि. १४ फेब्रुवारी २०२५ च्या विशेष सर्वसाधारण सभेने कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ व ६२(१)(ग) खाली, नोंदणीकृत मूल्यांककाच्या अहवालावरून, दर्शनी १० रुपयांचे ५२६ नवे भाग प्रत्येकी १,९०० रुपयांनी त्यांना देण्याचा विशेष ठराव केला. एकूण ९,९९,४०० रुपये त्यांनी बँकेमार्फत कंपनीच्या स्वतंत्र खात्यात भरले आहेत. वाटपानंतर कंपनीचे एकूण भाग १०,५२६ होतील.

सबब हा लेख येणेप्रमाणे :

१. सामील होणे. वाटपाचा ठराव संचालक मंडळाने मंजूर केल्या क्षणापासून नवे भागधारक मूळ करारातील 'भागधारक' होतात. त्यांनी पहिल्या दिवशीच त्यावर सही केली असती तर जी बंधने व जे हक्क आले असते, ते या लेखात वगळलेले सोडून सर्व त्यांना लागू होतात. वाटप ३१ मार्च २०२५ पर्यंत झाले नाही तर हा लेख आपोआप रद्द होईल आणि कंपनी भरलेली रक्कम कायद्याने ठरलेल्या मुदतीत परत करील.

२. वाचून समजून. मूळ करार इंग्रजीत आहे. त्याची पूर्ण प्रत नव्या भागधारकांना दि. १० फेब्रुवारी रोजी दिली, आणि त्यांनी स्वतःच्या वकिलांकडून तो मराठीत समजून घेतला. हा लेख मराठीतच प्रमाण मानावा.

३. मिळणारे आणि न मिळणारे हक्क. कोणी भागधारक भाग विकायला निघाल्यास ते आधी विकत घेण्याचा हक्क (कलम ८), बहुमतवाल्यांसोबत त्याच भावाने विकण्याचा हक्क (कलम ९) आणि तिमाही हिशेब पाहण्याचा हक्क (कलम १२) नव्या भागधारकांना मिळतो. ७५ टक्के भाग विकले जात असतील तर स्वतःचेही भाग त्याच अटींवर विकण्याचे बंधन (कलम १०) त्यांच्यावर येते. संचालक नेमण्याचा हक्क (कलम ५) आणि राखीव विषयांवरील नकाराधिकार (कलम ६) मात्र जुन्या भागधारकांकडेच राहतात. ही गोष्ट बोलणीच्या पहिल्याच बैठकीत स्पष्ट केली होती, ती येथे पुन्हा नोंदवली आहे.

४. नोकरी सुटल्यास. मूळ कराराच्या कलम ११ मध्ये, नोकरी सोडणाऱ्या भागधारकाचे भाग दर्शनी किमतीला परत घेण्याची तरतूद आहे. ती मोफत वा नाममात्र दराने मिळालेल्या भागांसाठी लिहिली होती. ९,९९,४०० रुपये मोजणाऱ्या माणसाच्या हाती ५,२६० रुपये ठेवणे हा अन्याय होईल, असे सर्व पक्षकारांचे मत आहे. म्हणून नव्या भागधारकांपुरते कलम ११ पुढीलप्रमाणे वाचावे. सर्व पक्षकार या लेखावर सही करत असल्याने हा बदल मूळ करारातील दुरुस्ती म्हणूनही लागू आहे.

(क) मृत्यू, कायमचे अपंगत्व, निवृत्ती, कंपनीने कारणाविना कमी करणे, किंवा वाटपापासून तीन वर्षांनंतर रीतसर राजीनामा : त्या दिवशीची रास्त किंमत, नोंदणीकृत मूल्यांककाने काढलेली. खर्च कंपनीचा.

(ख) तीन वर्षांच्या आत राजीनामा : भरलेली किंमत किंवा रास्त किंमत, यांतील जी कमी असेल ती.

(ग) अफरातफर, चोरी किंवा गुपित फोडणे सिद्ध होऊन बडतर्फी : वरील (ख) मधील किंमत, त्यातून कंपनीचे सिद्ध झालेले नुकसान वजा करून.

भाग इतर भागधारकांनी आपापल्या प्रमाणात घ्यावेत आणि पैसे नव्वद दिवसांत एकरकमी द्यावेत. एप्रिल व मे हा रातांब्यांच्या हंगामाचा काळ. या दोन महिन्यांत संपणारी राजीनाम्याची मुदत ३१ मेपर्यंत वाढेल, आणि तिचा पूर्ण पगार मिळेल.

५. गुपिते. आगळ व सोलांच्या मिठाची प्रमाणे, काजूगर भाजण्याच्या वेळा, सत्तरी व काणकोण तालुक्यांतील बागायतदारांची यादी आणि त्यांचे दर नवे भागधारक नोकरीत असताना व नंतरही उघड करणार नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ पाहता, नोकरीनंतर याच धंद्यात काम करण्यास मनाई करणारी अट मुद्दाम घातलेली नाही.

६. पत्नीची संमती. श्री. व सौ. शिरोडकर यांचा विवाह फोंडा येथे सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदलेला असून विवाहपूर्व करार केलेला नाही. म्हणून गोव्यात लागू असलेल्या कायद्याने दोघांची मालमत्ता सामाईक आहे, आणि हे ५२६ भाग एकाच्या नावावर असले तरी त्यांत सौ. अनुजा यांचा निम्मा हिस्सा आहे. सौ. अनुजा मूळ करार व हा लेख समजून संमती देतात, आणि भाग विकण्यावरील बंधने आपल्या हिस्स्यालाही लागू असल्याचे मानतात. घटस्फोट किंवा वारसाहक्काच्या इन्व्हेंटरी कामकाजात या भागांची वाटणी करायची झाल्यास, ज्याच्या वाट्याला भाग येतील त्याने प्रथम असाच लेख लिहून द्यावा. तसे नको असल्यास भाग इतर भागधारकांनी रास्त किमतीला घ्यावेत आणि ते पैसे कायद्याने ज्याला जितके मिळायचे तितके द्यावेत. या संमतीने सौ. अनुजा आपला कोणताही हिस्सा सोडत नाहीत, आणि मालमत्तेच्या सामाईकपणात काही बदल होत नाही.

७. नियमावली. भाग हस्तांतरणावरील बंधने कंपनीच्या नियमावलीत नसतील तर ती कंपनीवर बांधील ठरत नाहीत. त्यामुळे मूळ कराराची कलमे ८ ते ११ व वरील कलम ४ हे १४ फेब्रुवारीच्याच सभेत विशेष ठरावाने नियमावलीत घातले आहेत.

८. कंपनीची कामे. कंपनी वाटपापासून १५ दिवसांत भागवाटपाचे विवरणपत्र पीएएस-३ कंपनी निबंधकांकडे दाखल करील, तोवर ही रक्कम वापरणार नाही, आणि दोन महिन्यांत भाग-प्रमाणपत्र देईल. मुद्रांक शुल्क कंपनीचे.

९. तंटे. आधी पक्षकारांनी समोरासमोर बसून तीस दिवसांत तोड काढावी. न निघाल्यास लवाद व समेट कायदा, १९९६ खाली एकच लवाद, स्थान पणजी, कामकाज मराठीत. गोव्यातील सक्षम न्यायालयांचा अधिकार राहील.

हा लेख आम्ही राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केला. त्याच्या तीन मूळ प्रती आहेत : एक कंपनीकडे, एक जुन्या भागधारकांकडे, एक शिरोडकर दांपत्याकडे.

नवे भागधारक : (सही) मंगेश वसंत शिरोडकर

संमती देणार : (सही) अनुजा मंगेश शिरोडकर

जुने भागधारक : (सही) रामनाथ पुंडलिक वेरेंकर, (सही) सुमित्रा रामनाथ वेरेंकर, (सही) अवधूत गजानन तिळवे

कंपनीतर्फे, मंडळाच्या अधिकाराने : (सही) अवधूत गजानन तिळवे, संचालक

साक्षीदार : १) (सही) विश्राम नारायण गावडे, रा. म्हार्दोळ, २) (सही) स्मिता दिगंबर प्रभुदेसाई, रा. फोंडा