आपल्या माती परीक्षण अहवालाविषयी (गट क्रमांक २१४, भात खाचर, तालुका लांजा)

नमस्कार.

आपण काल संध्याकाळी पाठवलेला माती परीक्षण अहवालाचा फोटो मिळाला. सोबत प्रश्न लिहिलेला नसल्यामुळे, अहवालातील आकडे नेमके काय सांगतात हे आपल्याला समजून घ्यायचे असावे, असे धरून हे उत्तर लिहीत आहे. कोणते खत किती टाकावे हे यात लिहिलेले नाही. अहवालात पिकाचा रकाना कोरा आहे, भात कोणत्या वाणाचा आणि भातानंतर काय घेता याची माहिती नाही, गेल्या दोन हंगामांत शेणखत किती पडले तेही कळत नाही. अशा वेळी नुसत्या फोटोवरून किलोचा आकडा देणे बरोबर होणार नाही.

अहवालात बारा ओळी आहेत, पण वाचताना पहिल्या ओळीपासूनच सुरुवात करावी, कारण बाकीच्या बहुतेक ओळींचा अर्थ तिच्यावर अवलंबून आहे. ती ओळ सामूची. सामू म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा मोजणारा आकडा. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर विम्ल. आपल्या खाचराचा सामू ५.३ आहे. ५.३ आणि ६.३ यांत फरक एकाचाच दिसतो, परंतु हे मोजमाप असे आहे की एक अंक खाली उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढते. म्हणून ‘साडेसहा पाहिजे होता, पाच आला, थोडासाच कमी’ असे समजू नये. जांभ्या दगडापासून बनलेल्या मातीवर दर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या पाण्याबरोबर मातीतील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश झिरपून खाली जातात, आणि मागे लोह व अ‍ॅल्युमिनियम उरतात. कोकणातील आम्लतेचे मूळ कारण हे आहे. त्यात वर्षानुवर्षे नुसता युरिया किंवा अमोनियम सल्फेट पडत राहिले तर आम्लतेत आणखी भर पडते. सामू ५.५ च्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम विरघळू लागते आणि ते मुळांना बाधते. मुळे आखूड व जाड राहतात, खोल जात नाहीत.

तरीही भाताच्या बाबतीत हा आकडा थोडा सबुरीने वाचावा लागतो. अहवालावर नमुना घेतल्याची तारीख १८ मे आहे, म्हणजे माती कोरडी असतानाची ही स्थिती आहे. चिखलणी होऊन खाचरात काही आठवडे पाणी साचून राहिले की मातीतील हवा संपते, लोहाचे रूप बदलते, आणि त्या क्रियेत आम्लता खर्ची पडून सामू आपोआप वर सरकतो. लोहाने धरून ठेवलेले स्फुरदही त्याच काळात काही प्रमाणात सुटते. म्हणूनच अशा मातीत भात पिढ्यान् पिढ्या पिकत आला आहे. पाणी उतरले की माती पुन्हा मूळ स्थितीकडे जाते. त्यामुळे भातानंतरच्या ओलाव्यावर आपण वाल, चवळी किंवा भुईमूग घेत असाल, तर खरा त्रास त्या पिकाला होतो. कडधान्यांच्या मुळांवरील गाठी आम्ल मातीत नीट धरत नाहीत आणि भुईमुगाच्या शेंगा भरायला कॅल्शियम कमी पडते.

दुसरी ओळ विद्युत वाहकतेची, ०.०८ डेसिसायमन प्रति मीटर. ही क्षार मोजणारी ओळ आहे. १ च्या आत म्हणजे क्षारांचा प्रश्न नाही, तेव्हा तिच्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

सेंद्रिय कर्ब १.३२ टक्के आहे आणि त्यासमोर ‘अत्यंत जास्त’ असा शेरा आहे. हा शेरा वाचून ‘आपली जमीन सकस आहे, शेणखताची गरज नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. घाटावरच्या पट्ट्यात एवढा कर्ब क्वचितच दिसतो. कोकणात तो जास्त दिसतो याचे एक कारण म्हणजे आम्ल मातीत कुजवणारे जिवाणू मंदपणे काम करतात, त्यामुळे पालापाचोळा पूर्ण कुजत नाही आणि त्यातील अन्नद्रव्ये लवकर सुटत नाहीत. हीच गोष्ट पुढच्या ओळीत दिसते. एवढा कर्ब असूनही उपलब्ध नत्र हेक्टरी ३१० किलो, म्हणजे फक्त ‘मध्यम’ आहे. शिवाय नत्र हे मातीत टिकून बसणारे द्रव्य नाही. मे महिन्यात मोजलेल्या नत्रापैकी बराच भाग पहिल्या मोठ्या पावसात वाहून किंवा झिरपून जाऊ शकतो. म्हणून नत्राच्या आकड्याकडे अंदाज म्हणून पाहावे. नत्र एकदम न देता विभागून देण्याची शिफारस पावसाच्या प्रदेशात केली जाते, ती याच कारणाने.

आता स्फुरद. अहवालातील सर्वांत महत्त्वाचा इशारा सामूच्या खालोखाल इथे आहे. उपलब्ध स्फुरद हेक्टरी ६.८ किलो आहे आणि शेरा ‘अत्यंत कमी’ असा आहे. हेक्टर म्हणजे जवळजवळ १०० गुंठे. अहवालात आपल्या खाचराचे क्षेत्र १२ गुंठे लिहिले आहे, त्या हिशेबाने त्या संपूर्ण तुकड्यात पिकाला घेता येईल असे स्फुरद एक किलोही भरत नाही. याचा अर्थ मातीत स्फुरदच नाही असा मात्र नव्हे. आम्ल मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, आणि कुलूप लावलेल्या कणगीतल्या भातासारखे ते असूनही हाताला लागत नाही. आपण दरवर्षी सुपर फॉस्फेट टाकत असाल तरी त्याचा मोठा भाग असाच अडकत जातो. म्हणून येथे केवळ खताचे पोते वाढवणे हा उपाय अपुरा पडतो. आम्लता कमी करणे, खत पसरून न फेकता मुळांच्या जवळ पडेल असे देणे, ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून देणे, या गोष्टींनी तेच खत अधिक लागू पडते. आम्ल मातीत रॉक फॉस्फेटही हळूहळू विरघळून उपयोगी पडते, जे विम्ल काळ्या मातीत सहसा होत नाही.

स्फुरदाच्या ओळीत पद्धत ‘ब्रे’ लिहिली आहे आणि ती आम्ल मातीसाठी योग्य आहे. याच ओळीबाबत एक सावधगिरी सांगतो. काही प्रयोगशाळा आकडा नुसत्या स्फुरदाचा देतात, काही त्याच्या ऑक्साइडच्या रूपात देतात, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या जवळजवळ २.२९ पट असतो. जुना अहवाल काढून तुलना करणार असाल तर दोन्हीकडे रूप आणि एकक एकच आहे ना, हे आधी पाहावे, नाहीतर काही बदललेले नसताना स्फुरद निम्म्याहून खाली आले असे वाटेल.

पालाश हेक्टरी १३८ किलो, शेरा ‘कमी’. जांभ्या मातीत पालाश धरून ठेवण्याची ताकद मुळातच थोडी असते, आणि भातपिकाने उचललेला बराचसा पालाश दाण्यात न जाता पेंढ्यात जातो. पेंढा गोठ्यात गेला आणि गोठ्यातले शेणखत दुसऱ्याच तुकड्यात पडले, तर हे खाचर दरवर्षी पालाश गमावत राहते. चुलीच्या राखेत पालाश असतो आणि ती आम्लताही किंचित कमी करते. एक गोष्ट मात्र विचारायची आहे: नमुना घेताना राब भाजलेल्या जागेची माती त्यात आली होती का? राबाच्या जागी राखेमुळे सामू आणि पालाश दोन्ही जास्त येतात. ती माती मिसळली असेल, तर बाकीच्या खाचराची खरी स्थिती या आकड्यांपेक्षाही थोडी खालची असू शकते.

खालच्या ओळी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या आणि गंधकाच्या आहेत आणि त्या हेक्टरी किलोत नसून पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, अशा दिल्या आहेत. लोह ३८.६ आणि मंगल ४१.२ हे आकडे पुरेसेपणाच्या मर्यादेहून (लोहासाठी ४.५, मंगलासाठी २) कितीतरी वर आहेत. या मातीत ते अपेक्षितच आहे. फक्त पाणी सतत तुंबलेल्या कोपऱ्यात भाताच्या खालच्या पानांवर टोकाकडून तांबूस-तपकिरी ठिपके दिसू लागले, तर ते करपाच आहे असे गृहीत धरून औषध फवारण्याआधी जास्त लोहाची शंका घ्यावी आणि पाण्याचा निचरा करून पाहावा. तांबे २.४ म्हणजे पुरेसे आहे. जस्त ०.७१ आहे, मर्यादा ०.६ ची, म्हणजे आज पुरेसे पण काठावर. गंधक ११, मर्यादा १०, तेही काठावरच. बोरॉनच्या ओळीवर फ्लॅशचा उजेड पडल्याने दशांश चिन्हापुढचा अंक २ आहे की ७ हे वाचता येत नाही. ०.२ असेल तर कमतरता आणि ०.७ असेल तर पुरेसे, कारण मर्यादा ०.५ आहे, म्हणून त्या ओळीबद्दल काही लिहीत नाही. कागद प्लास्टिकच्या पाकिटातून काढून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून पुन्हा फोटो घ्यावा.

राहिला चुन्याचा प्रश्न, कारण सामू ५.३ वाचल्यावर तो आपल्या मनात येणारच. चुना किंवा डोलोमाइट हा आम्लतेवरचा ओळखीचा उपाय आहे, पण तो किती लागेल हे सामूच्या आकड्यावरून ठरत नाही. दोन जमिनींचा सामू ५.३ असूनही, ज्या मातीत चिकणमाती आणि कर्ब जास्त तिला चुना जास्त लागतो. त्यासाठी प्रयोगशाळेत ‘चुन्याची गरज’ अशी वेगळी चाचणी करतात आणि आपल्या अहवालात ती केलेली नाही. अंदाजाने जास्त चुना पडला तर आज काठावर असलेले जस्त पिकाला मिळेनासे होईल. चुना आणि युरिया एकाच वेळी मिसळून टाकू नये, कारण नत्र वायुरूपाने उडून जाते. चुना मातीत मिसळून परिणाम दाखवायला वेळ घेतो, म्हणून तो लावणीच्या तोंडावर टाकण्याची गोष्ट नव्हे.

खताचे प्रमाण ठरवायचे असल्यास बोरॉनच्या ओळीचा स्पष्ट फोटो, भाताचे वाण, भातानंतरचे पीक, मागील दोन हंगामांत दिलेली खते आणि नमुना खाचरात किती ठिकाणांहून व किती खोलीवरून घेतला, एवढे लिहून पाठवावे. त्याच मातीची चुन्याची गरज तपासण्यासाठी उरलेला नमुना घरी असेल तर तो टाकून देऊ नये. सावलीत वाळवून, नाव आणि गट क्रमांकाची चिठ्ठी घालून कापडी पिशवीत ठेवावा. खताच्या रिकाम्या गोणीत तो ठेवू नये.