फॅमिली लॉ सराव प्रॉब्लेम: वाडा एक, चुली दोन (20 मार्क)

आधी तारखा पेन्सिलीनं अंडरलाइन करा मग लिहायला बसा, कारण या प्रॉब्लेमचा सगळा जीव तारखांमध्येच आहे.

सुनील अन् वैशालीचं लग्न 12 मे 2019 ला जिंतूरला हिंदू पद्धतीनं झालं. त्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान, ती झेडपीच्या शाळेत मास्तरीण, एक मुलगी. पटेना म्हणून भाऊबंदांनी बैठका घेतल्या, उपयोग शून्य. 15 जून 2023 पासून वैशाली त्याच वाड्यात माडीवरच्या खोलीत वेगळी राहायला लागली, गॅस वेगळा, किराणा वेगळा, नवरा-बायकोचं नातं पूर्ण बंद, पण चुलत दिराच्या लग्नात दोघं जोडीनं मिरवले आणि त्याचे फोटोही आहेत. 2 मार्च 2024 ला ती मुलीला घेऊन माहेरी सेलूला गेली.

6 जानेवारी 2025 ला दोघांनी परभणीच्या कोर्टात कलम 13ब खाली अर्ज टाकला. मुलगी आईकडे, बापानं महिन्यातनं दोन रविवार भेटायचं, पोटगी एकरकमी 12 लाख, त्यातले 6 लाख लगेच दिले आणि उरलेले सेकंड मोशनच्या दिवशी द्यायचे असं ठरलं. मीडिएशन फेल गेलं. 20 जानेवारीला दोघांनी मिळून सहा महिने माफ करा म्हणून अर्ज दिला, तो कोर्टानं "कायद्यातली मुदत आहे, मला कमी करता येत नाही" एवढ्याच कारणावर फेटाळला.

14 ऑगस्ट 2025 ला सेकंड मोशन. कापसाला भाव नाही म्हणून दुकानाची उधारी अडकली, उरलेले 6 लाख हप्त्यानं देतो असं सुनील म्हणाला, तर वैशालीनं तिथंच संमती मागं घेतल्याचं लिहून दिलं. सुनीलचं म्हणणं, पैसे घेतले अन् पलटली, लग्न तर कधीच मेलंय, आता डिक्री द्या. कोर्टानं दिली नाही. आता तो औरंगाबाद खंडपीठात 226 खाली रिट टाकायच्या तयारीत आहे.

(अ) वेगळं राहणं कुठनं मोजाल, जून 2023 की मार्च 2024? मार्च धरलं तर मूळ अर्जच टिकतो का? फोटोंचं काय करायचं? सुरेष्टा देवी (1991) लावून लिहा. 8 मार्क, इथंच खरी परीक्षा आहे.

(ब) मुदत माफीचा अर्ज फेटाळण्याचं कारण अमरदीप सिंग (2017) नंतर टिकतं का? तिथल्या अटी एकेक करून या फॅक्ट्सवर लावा, "सगळ्या पूर्ण होतात" असं ढोबळ लिहिलं तर अर्धे मार्क जातील. 5 मार्क.

(क) 6 लाख खिशात घालून वैशालीला संमती मागं घेता येते का? पैसे आधी सुनीलनंच थकवले, यानं काही फरक पडतो का? 3 मार्क.

(ड) लग्न मोडीत निघालंय हा 1955 च्या कायद्यात स्वतंत्र आधार आहे का? शिल्पा शैलेश (2023) मधली कलम 142 ची पॉवर कोणाची, ती मागणं हा हक्क आहे का, आणि सुनीलच्या रिटचं काय होईल? संमती गेल्यावर त्याला कलम 13 खाली दुसरा कुठला रस्ता उरतो, तेही दोन ओळीत लिहा. 4 मार्क.