मुन्नार-अलेप्पी सहल रद्द झाल्यावर परत मिळणाऱ्या रकमेचा सुधारित खुलासा

पुणे, १२ डिसेंबर २०२५

सौ. कुलकर्णी यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सासूबाईंच्या शस्त्रक्रियेमुळे २० डिसेंबरची तिघांची सहल ९ डिसेंबर रोजी रद्द करावी लागली. त्यानंतर आमच्याकडून आपल्याला "रद्दीकरण शुल्क नियमानुसार ₹४१,७७०, परतावा ₹२४,१००" एवढीच ओळ पाठवली गेली. पासष्ट हजारांतून एवढी रक्कम कुठे गेली, हे त्या ओळीवरून कोणालाही कळले नसते. त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून संपूर्ण हिशोब नव्याने मांडत आहे. तो मांडताना आमचीच एक चूक लक्षात आली. ती दुरुस्त केल्यावर आपल्याला ₹२४,१०० ऐवजी ₹२५,६०० परत मिळतील.

आपण एकूण ₹६५,८७० भरले होते. त्यात विमानाचे ₹२९,१००, मुन्नारच्या रिसॉर्टचे ₹२१,०००, अलेप्पीच्या हाऊसबोटीचे ₹१४,००० आणि आमचे सेवाशुल्क जीएसटीसह ₹१,७७० होते.

सर्वांत मोठी वजावट विमानाची आहे, म्हणून ती एका प्रवाशाच्या तिकिटावरून सांगतो. पुणे-कोची-पुणे या तिकिटाची किंमत माणशी ₹९,७०० होती. त्यात मूळ भाडे व इंधन अधिभार मिळून ₹८,०००, जीएसटी ₹४०० आणि विमानतळाचे वापरकर्ता शुल्क व तत्सम आकार ₹१,३०० होते. आपल्या तिकिटाच्या अटीप्रमाणे विमान कंपनी प्रत्येक फेरीला माणशी ₹३,५०० कापते, म्हणजे जाण्यायेण्याचे माणशी ₹७,००० झाले आणि माणशी ₹२,७०० उरले. तिघांचे मिळून ₹२१,००० कापले गेले व ₹८,१०० परत आले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार ही कपात मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि तिकीट "नॉन-रिफंडेबल" असले तरी सरकारी कर व विमानतळाचे आकार प्रवाशाला परत करावेच लागतात. आपल्या बाबतीत कपात या मर्यादेच्या आत आहे, हे मी स्वतः तिकिटावरील आकडे लावून पाहिले आहे.

रिसॉर्टमध्ये दोन खोल्या दोन रात्रींसाठी होत्या. एका खोलीचे एका रात्रीचे ₹५,००० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी. मुक्कामाला पंधरा दिवसांपेक्षा कमी दिवस उरले असताना आरक्षण रद्द केल्यास एका रात्रीचे भाडे कापायचे, अशी त्यांची अट आहे आणि आपण अकरा दिवस आधी कळवलेत. त्यामुळे दोन्ही खोल्यांचे एका रात्रीचे ₹१०,५०० गेले व तेवढेच परत मिळतील. आजारपणाचे कारण सांगून मी सूट मागितली. त्यांनी रोख सूट दिली नाही, पण ३१ मार्च २०२६ पर्यंत आपण तिथे गेलात तर कापलेले ₹१०,५०० नव्या बिलात वळते करून देण्याचे ईमेलने मान्य केले आहे. ही सवलत वापरायची की नाही हे आपण सावकाश ठरवा. आत्ताच्या परताव्यावर तिचा काहीही परिणाम होणार नाही.

हाऊसबोटीचा हिशोब सोपा आहे. पंधरा ते सात दिवस आधी रद्द केल्यास निम्मी रक्कम कापली जाते, म्हणून ₹१४,००० पैकी ₹७,००० परत आले.

आता आमची चूक. आमचे ₹१,७७० आरक्षणाच्या कामाचे होते, ते परत होत नाहीत आणि तसे आपल्याला दिलेल्या पावतीवर छापलेले आहे. मात्र आधीच्या हिशोबात आम्ही "रद्द करण्याचे सेवाशुल्क" म्हणून माणशी ₹५०० प्रमाणे आणखी ₹१,५०० धरले होते. त्याचा उल्लेख ना पावतीवर होता ना आपल्याला पाठवलेल्या अटींमध्ये. जे आधी सांगितले नाही ते नंतर घेणे योग्य नाही, म्हणून ती रक्कम हिशोबातून काढून टाकली आहे.

अशा रीतीने ₹६५,८७० मधून विमानाचे ₹२१,०००, रिसॉर्टचे ₹१०,५००, हाऊसबोटीचे ₹७,००० आणि आमचे ₹१,७७० मिळून ₹४०,२७० वजा झाले.

विमान कंपनी व हाऊसबोट यांच्याकडून आलेले ₹१५,१०० आपण ज्या बँक खात्यातून पैसे भरले होते त्याच खात्यात आज जमा करत आहोत. रिसॉर्टचे ₹१०,५०० सोमवार, २२ डिसेंबरपर्यंत आपल्या खात्यात जमा होतील. त्यांच्याकडून आमच्याकडे यायला उशीर झाला, तरी त्या तारखेला ते आम्ही आमच्या खात्यातून देऊ. विमान कंपनीची परताव्याची नोंद, रिसॉर्टचा ईमेल आणि हाऊसबोटीची पावती यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. एखादा आकडा जुळत नसेल तर कृपया फोन करावा, मी कागद समोर ठेवून आपल्याशी बोलेन.

सासूबाईंच्या प्रकृतीला लवकर आराम पडो.

आपला,
आरक्षण विभाग प्रमुख